कडेवरून क्षेत्रफळ: ग्रीनचा सिद्धांत

प्रतलातल्या बंद वक्रावरचं रेषा-संकलन आतल्या भागावरच्या दुहेरी संकलनात बदलता येतं, असं ग्रीनचा सिद्धांत सांगतो:

∮ P dx + Q dy = ∬ (∂Q/∂x − ∂P/∂y) dx dy

असं का व्हावं? आतल्या भागाचे बारीक चौकोन पाडा आणि प्रत्येकाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरा. शेजारच्या चौकोनांची सामाईक बाजू दोनदा येते, पण विरुद्ध दिशांनी, म्हणून ती बेरजेतून उडते. उरते फक्त बाहेरची कड. आणि एका चौकोनाभोवतीची बेरीज म्हणजे जवळपास उजवीकडचा कंस गुणिले त्या चौकोनाचं क्षेत्रफळ.

आता P = 0, Q = x घ्या. कंसाची किंमत 1 होते, म्हणजे उजवीकडे नुसतं क्षेत्रफळ. मीटरमध्ये (0,0), (40,0), (50,30), (0,20) असे कोपरे असलेला प्लॉट घेऊन डावीकडचं ∮ x dy काढू. पहिल्या बाजूवर y बदलत नाही, शेवटच्या बाजूवर x शून्य आहे; दोन्ही सोडून द्या. दुसऱ्या बाजूवर x ची सरासरी 45 आणि y 30 ने वाढतो: 1350. तिसरीवर सरासरी 25 आणि y 10 ने घटतो: −250. बेरीज 1100 चौरस मीटर, साधारण 11 गुंठे. प्लॉटच्या आत पाऊलही न टाकता! उत्तर ऋण आलं, तर कोपरे घड्याळाच्या दिशेने घेतले गेलेत.

एक अट मात्र हमखास विसरली जाते: P आणि Q आत सगळीकडे सुरळीत हवेत. P = −y/(x²+y²), Q = x/(x²+y²) घेतलं तर कंस शून्य येतो, तरी आरंभबिंदूभोवतीच्या वर्तुळावर रेषा-संकलन 2π भरतं, कारण आरंभबिंदूपाशी ही फलं अस्तित्वातच नाहीत. अशा वेळी तो बिंदू छोट्या वर्तुळाने वगळायचा आणि त्या आतल्या कडेवरून घड्याळाच्या दिशेने फिरायचं. मग दोन्ही बाजू शून्य येतात.