वीस सोडून पुढच्या वीस

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं ॲप उघडलं की जाहिरातींची यादी सुरू होते. बोटाने ती सरकवत राहावं, ती संपत नाही. मध्येच, नुकतीच पाहिलेली सायकल पुन्हा समोर येते. पाहणाऱ्याला वाटतं, विकणाऱ्याने जाहिरात दोनदा टाकली असेल. पण सर्व्हरवर ती एकदाच असते. याच दोषाची दुसरी बाजू अधिक वाईट आहे: काही जाहिराती यादीत असूनही समोर येतच नाहीत, आणि त्या राहून गेल्या हे कुणाला कळत नाही.

न संपणारी यादी खरं तर तुकड्यातुकड्यांनी येते. आपण तळाशी पोचत आलो की ॲप सर्व्हरकडे पुढची खेप मागतं. ती मागण्याची सर्वांत रुळलेली रीत अशी:

```
SELECT * FROM ads
ORDER BY id DESC
LIMIT 20 OFFSET 20;
```

म्हणजे, नव्यापासून जुन्याकडे क्रम लाव, वरच्या वीस सोड आणि त्यापुढच्या वीस दे. किती सोडायच्या त्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. गोम अशी की ही मोजणी दर वेळी त्या क्षणाच्या यादीवर, पुन्हा वरपासून होते. आधी आपल्याला काय दाखवलं हे सर्व्हरच्या लक्षात नसतं.

समजा, पहिल्या खेपेत ५०० ते ४८१ क्रमांकाच्या जाहिराती आल्या. आपण त्या पाहत असताना ५०१, ५०२ आणि ५०३ या तीन नव्या जाहिराती पडल्या. आता वरच्या वीस म्हणजे ५०३ ते ४८४. त्या सोडल्या की दुसरी खेप ४८३ पासून सुरू होते. ४८३, ४८२ आणि ४८१ आपण आधीच पाहिल्या होत्या. त्या पुन्हा दिसतात.

आता उलट धरू. नवी जाहिरात आली नाही, पण ४९८, ४९५ आणि ४९० या वस्तू विकल्या गेल्या आणि यादीतून निघाल्या. वरच्या वीस आता ४७८ पर्यंत जातात आणि दुसरी खेप ४७७ पासून येते. ४८०, ४७९, ४७८ पहिल्या खेपेत नव्हत्या, दुसऱ्यातही नाहीत. त्या तीन विक्रेत्यांच्या वस्तू या ग्राहकापुरत्या नाहीशा झाल्या. दरम्यान तीन आल्या आणि तीन गेल्या, तर हिशेब जुळतो आणि सगळं सुरळीत दिसतं. म्हणूनच ही चूक कधी दिसते, कधी नाही. आणि जिथे डेटा हलतच नाही अशा चाचणीच्या संगणकावर ती सापडत नाही.

निदान मात्र सोपं आहे. पहिली खेप उघडी ठेवून दुसऱ्या फोनवरून तीन जाहिराती टाकाव्यात आणि मग यादी सरकवावी. नेमक्या तीन पुन्हा आल्या, तर दोष ऑफसेटचा. डेटा न बदलताही पुनरावृत्ती होत असेल, तर क्रमाकडे पाहावं. यादी किमतीनुसार लावली असेल आणि अनेक वस्तूंची किंमत ५००० असेल, तर त्यांच्यात आधी कोण, याची हमी डेटाबेस देत नाही; दोन खेपांत तो वेगळा क्रम लावू शकतो.

अनेकदा यावर वरवरचा उपाय होतो: फोनवर आलेल्या जाहिरातींचे क्रमांक तपासून दुसऱ्यांदा आलेल्या गाळायच्या. त्याने तक्रारी थांबतात, पण निसटलेल्या जाहिराती परत येत नाहीत. दिसणारा अर्धा दोष झाकला जातो आणि न दिसणारा तसाच राहतो.

खरा उपाय प्रश्नच बदलण्यात आहे. ‘वीस सोड’ म्हणण्याऐवजी, शेवटची पाहिलेली जाहिरात कोणती ते सांगायचं:

```
SELECT * FROM ads
WHERE id < 481
ORDER BY id DESC
LIMIT 20;
```

या खुणेला कर्सर म्हणतात. वर कितीही भर पडो वा घट होवो, ४८१ च्या खालची पहिली जाहिरात ४८० च. खुद्द ४८१ काढून टाकली तरी बिघडत नाही, कारण तुलना आकड्याशी आहे. किमतीनुसार क्रम हवा असेल, तर खुणेत किंमत आणि क्रमांक दोन्ही ठेवावे लागतात, म्हणजे सारख्या किमतीच्या वस्तूंचाही क्रम पक्का राहतो.

या रीतीलाही मर्यादा आहेत. थेट सातव्या पानावर उडी मारता येत नाही. नव्या जाहिराती वरच्या टोकाला असल्याने त्या वेगळ्या मागाव्या लागतात. आणि ज्यावर क्रम लावला तीच गोष्ट बदलली, तर कर्सरही हतबल ठरतो. स्वस्तापासून महागाकडे जाणारी यादी आपण ५००० पर्यंत पाहिली असताना कुणी ६००० ची वस्तू ४५०० ला आणली, तर ती खुणेच्या मागे जाते आणि आपल्याला दिसत नाही. सतत बदलणाऱ्या किमतींवर यादी लावायची असेल, तर सुरुवातीला क्रम गोठवून ठेवावा लागतो आणि मग त्यात थोडा शिळेपणा येतो. जाहिरात पडल्याच्या क्रमाने लावलेल्या यादीला ही अडचण येत नाही, कारण एकदा मिळालेला क्रमांक पुन्हा बदलत नाही.