भावाने आपला वाटा बाहेरच्याला विकला तर? शुफा आणि राहत्या घराचा कायदा

आमच्या हिंगणघाटात जुन्या वस्तीतल्या कित्येक घरांच्या आखीव पत्रिकेवर चार-पाच वारसांची नावं आहेत, पण वाटणी झालेली नाही. मग एका भावाला पैशाची नड येते, तो आपला वाटा परक्याला विकतो आणि बाकीचे विचारतात, "पहिला हक्क आमचा नव्हता का?"

एक हिशेब धरू. अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी, दोन मुलगे, एक मुलगी. घराची किंमत २० लाख. अम्मीचा आठवा हिस्सा अडीच लाखांचा, मुलांचे सात-सात लाखांचे, बाजीचा साडेतीन लाखांचा. धाकट्याने आपला सात लाखांचा वाटा बाहेरच्याला विकला.

शेजारी सांगतात, वारसालाच आधी विचारावं लागतं. ती तरतूद हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मधली आहे, आपल्याला लागत नाही. आपल्याकडे शुफा आहे. भागीदाराने विकण्याआधी साथीदाराला सांगावं, ही ताकीद हदीसमध्ये आहे. हनफी फिकहात पहिला हक्क सामायिक मालकाचा, नंतर वाट-पाण्यात सामील असणाऱ्याचा, शेवटी शेजाऱ्याचा. कोकणातले आपले शाफई भाऊ फक्त सामायिक मालकालाच हा हक्क देतात. सुप्रीम कोर्टानेही १९६२ मध्ये शेजाऱ्याचा हक्क घटनेत बसत नाही असं ठरवलं, सामायिक मालकाचा मात्र राहू दिला.

गडबड वेळेची होते. शुफा विक्री पूर्ण झाल्यावरच उभा राहतो. इसार झाला, बोलणी चालू आहेत, एवढ्यावर मागणी केली तर ती मोजली जात नाही. वऱ्हाडातल्या एका प्रकरणात, तिथल्या महसूल कायद्याखालच्या अशाच हक्काबद्दल, सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये हेच सांगितलं: नोंदणीकृत विक्रीपत्राआधी हक्क नाही. आणि विक्री कळल्यावर उशीरही चालत नाही. बातमी कानावर पडताच "मी शुफ्याने हा वाटा मागतो" असं म्हणायचं, ही तलब-ए-मुवासिबत. त्यानंतर लगेच दोन साक्षीदार घेऊन खरेदीदारासमोर किंवा त्या घरापाशी पुन्हा मागायचं आणि पहिली मागणी केली होती हेही बोलायचं, ही तलब-ए-इशहाद. हे शेवटचं वाक्य राहून गेलं म्हणून दावे पडलेले आहेत. वाटा पूर्ण घ्यावा लागतो, खरेदीदाराने दिलेल्या किमतीत. दाव्याची मुदत एक वर्ष: खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून, आणि अविभक्त वाट्यासारखा प्रत्यक्ष ताबा घेता येत नसेल तर विक्रीपत्राच्या नोंदणीपासून. बक्षीसपत्र किंवा गहाण असेल तर शुफा नाही.

आता कडू गोष्ट. १९३७ च्या शरीयत कायद्यातल्या विषयांच्या यादीत शुफ्याचं नाव नाही. त्यामुळे कोर्टात 'इथे ही रूढी आहे' हे सिद्ध करायची पाळी येऊ शकते. आमच्या मते फक्त शुफ्यावर घर टांगून ठेवू नये. मागणी वेळेत करावीच, पण राहत्या घरासाठी जास्त भक्कम आधार दुसरीकडे आहे, आणि तो आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला वाटा परक्याने घेतला, तरी त्याला आत येऊन घरच्यांसोबत राहण्याचा हक्क मिळत नाही. 'अविभक्त कुटुंब' म्हणजे फक्त हिंदू एकत्र कुटुंब नव्हे. मुस्लिम कुटुंबही त्यात येतं, हे कोर्टांनी फार पूर्वीच मानलं आहे. खरेदीदार कुलूप लावायला आला तर दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागता येतो.

मग त्याच्यापुढे रस्ता एकच, वाटणीचा दावा. तो त्याने केला की १८९३ च्या वाटणी कायद्याचं कलम ४ लागू होतं. भाईजान, अम्मी किंवा बाजी कोर्टाला सांगू शकतात की हा वाटा आम्ही विकत घेतो. कोर्ट किंमत ठरवतं आणि तेवढी रक्कम घेऊन वाटा त्यांना देण्याचा हुकूम करतं. विक्रीपत्रात मुद्दाम फुगवून १२ लाख लिहिले असतील तरी इथे कोर्टाने काढलेली किंमत धरतात. शुफ्यात ही सोय नाही. तिथे १२ लाख खोटे आहेत हे आपल्याला सिद्ध करावं लागतं.

मर्यादा दोन. परक्याने दावाच केला नाही तर कलम ४ आपल्याला आपणहून वापरता येत नाही. आणि हे दोन्ही कलम राहत्या घरापुरते. वणेकाठचं शेत किंवा मोकळा प्लॉट यात बसत नाही. तिथे धाकट्याने विक्रीची भाषा काढली त्याच दिवशी भावंडांनी बसून भाव ठरवावा आणि विक्रीपत्र आपल्याच नावाने करून घ्यावं. पैसे कमी पडले तर तिघांनी मिळून घ्यावं, कोणी किती दिले ते विक्रीपत्रातच लिहून.