मोठ्या पावलांतून अचूक उतार

एखाद्या बिंदूपाशी फलनाचा उतार काढायचा, तर दोन्ही बाजूंना h अंतरावरच्या किमतींची वजाबाकी करून तिला 2h ने भागतात. याला मध्य-अंतर सूत्र म्हणतात. फलन गुळगुळीत असेल, तर त्यातली चूक साधारण h² च्या प्रमाणात असते. म्हणजे पाऊल निम्मे केले की चूक चौथाई होते. पण h फार लहान केल्यास जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि संगणकाने राखलेले अंक त्यातच गळून जातात.

ब्रिटिश गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९११ मध्ये वेगळी वाट दाखवली: चुकीचे प्रमाण ठाऊक असेल, तर दोन ढोबळ उत्तरांतूनच ती वजा करता येते.

```
R = (4·D(h/2) − D(h)) / 3
```

eˣ चा शून्यापाशी खरा उतार १ आहे. h = १ घेतल्यास १.१७५२०, ०.५ घेतल्यास १.०४२१९ मिळतात. सूत्रात घातल्यावर ०.९९७८५ येते. ०.२५ चे उत्तर १.०१०४५, त्याची ०.५ च्या उत्तराशी जोडी लावली की ०.९९९८७. आता उरलेली चूक h⁴ ची असल्याने गुणक १६ आणि भाजक १५ होतो, आणि उत्तर १.००००03 च्या आसपास येते. नुसत्या मध्य-अंतराने इथवर यायला h सुमारे ०.००४ लागले असते.

जोडण्याआधी एक तपासणी मात्र हवीच. लागोपाठच्या उत्तरांतील फरकांचे गुणोत्तर चारच्या जवळ असावे. इथे ते ४.१९ आहे. फलनाला टोक असेल किंवा किमतींत मोजमापाचा गोंधळ असेल, तर ते भरकटते आणि सूत्र चूक घटवण्याऐवजी वाढवू शकते.