एक लाखाखालची ओळ

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मंद्रूप लागतं. इथल्या एका घरात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक तरुणी पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर उघडून बसली आहे. पगार १८ लाख ठरलाय. वडिलांच्या तोंडी मात्र एकच आकडा आहे, जॉइनिंग बोनसचा. एक लाख! घरी येईल त्याला ते तोच सांगतात.

मुलगी त्या एक लाखाखालच्या ओळीवर अडली आहे: १२ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास बोनसची पूर्ण रक्कम परत करावी लागेल. बोनस पगारातच धरला जातो. तिच्या उत्पन्नाला नव्या करप्रणालीत वरच्या रकमेवर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो, म्हणजे २०,८०० रुपये आधीच कापले जाणार. हातात ७९,२०० येतील, पण अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तरी परत करायचे एक लाख. जे पैसे मिळालेच नाहीत, तेही कंपनी मागते. ही अट सरळसरळ अन्यायाची आहे.

म्हणून मेलमध्ये ती बोनस वाढवून मागत नाही. परतफेड उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असावी, हातात आलेल्या रकमेवर मोजावी, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर ती लागू होऊ नये, एवढंच लिहिते. या हिशेबाने नऊ महिने पूर्ण करून सोडलं, तर १९,८०० परत द्यावे लागतील. हे गणित ती वडिलांना कागदावर मांडून दाखवते. ते दोनदा वाचतात.

स्थलांतर भत्त्याबद्दल एकच प्रश्न: घराचं डिपॉझिट आणि दलाली त्यात धरणार का? बिलं दाखवून मिळणारा भत्ता बहुधा टेम्पो आणि प्रवासापुरताच असतो. खरा खर्च मात्र डिपॉझिटचा.

घरून कामाच्या दिवसांचं तर आणखी नाजूक. 'आठवड्यात दोन दिवस चालेल,' असं मॅनेजर फोनवर म्हणाला होता, पण लेटरमध्ये 'कंपनीच्या धोरणानुसार' एवढंच आहे. धोरण बदललं की ते दोन दिवस गेले, आणि मॅनेजर बदलला की त्याचा शब्दही गेला. सोमवार आणि शुक्रवार लेटरमध्ये नावानिशी लिहावेत, असं ती मागते. 'शक्य झाल्यास' हे शब्द आधी लिहिले होते, ते तिने खोडले.

सगळ्या मागण्या एकाच मेलमध्ये आहेत, आणि सही करण्याआधीच. रोज एक नवी मागणी गेली की एचआर कंटाळतो. सही झाल्यावर तर ऐकणारंच कुणी नसतं.

दोन दिवसांनी उत्तर येतं. महिन्यांच्या प्रमाणात परतफेड मान्य, कंपनीने काढल्यास सूटही मान्य. हातातल्या रकमेचा मुद्दा अमान्य. डिपॉझिट नाही, दलाली मिळेल. दोन दिवस लेटरमध्ये येणार नाहीत, मॅनेजर मेलवर कळवेल.

ती उत्तरात दोनच गोष्टी मागते: सुधारित लेटर आणि मॅनेजरचा तो मेल. दोन्ही हातात पडेपर्यंत जुन्या कंपनीचा राजीनामा ड्राफ्टमध्येच राहणार आहे.