वारा आत, पाणी बाहेर

घरविम्याचे करार दोन पद्धतींनी लिहिले जातात. पहिल्या पद्धतीत भरपाई कोणत्या संकटांसाठी मिळेल त्यांची यादी असते आणि यादीबाहेरच्या कारणाने झालेले नुकसान घरमालक सोसतो. हा नामनिर्दिष्ट जोखमींचा विमा. दुसऱ्या पद्धतीत अचानक झालेले कोणतेही नुकसान आत धरलेले असते आणि यादी असते ती अपवादांची. हा सर्वजोखीम विमा. नावावरून दुसरा केव्हाही सरस वाटतो, पण भूकंप आणि पुरापुरते तरी ते खरे नाही.

अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एचओ-३’ करारात दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. बांधकामाला सर्वजोखीम संरक्षण असते, तर घरातल्या सामानाला १६ नामनिर्दिष्ट संकटांपुरतेच. आग, चोरी, वादळी वारा, गारपीट ही त्यातली काही. वाऱ्याने आधी छप्पर किंवा भिंत फोडली आणि तिथून पाऊस आत आला, तरच भिजलेल्या सामानाचे पैसे मिळतात. उघड्या खिडकीतून आलेल्या पावसाचे मिळत नाहीत. भूकंप आणि पूर मात्र संपूर्ण करारातूनच वगळलेले आहेत. भूकंपानंतर लागलेल्या आगीची भरपाई मिळते, हा अपवादातला अपवाद.

या वगळण्यामागे विम्याचे मूळ गणित आहे. एखाद्या शहरातली मोजकीच घरे वर्षभरात जळतात आणि त्यांचा खर्च बाकीच्यांच्या हप्त्यांतून भागतो. भूकंप आणि पूर हजारो घरांवर एकाच वेळी येतात. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा दाव्यांच्या ओझ्याने अनेक कंपन्यांनी तिथे नवा घरविमा देण्यातच हात आखडता घेतला. त्यातून १९९६ मध्ये राज्याने भूकंपविम्यासाठी वेगळी संस्था उभी केली. पुराच्या विम्यासाठी केंद्र सरकारची योजना १९६८ पासून आहे, आणि तिच्यात घराच्या बांधकामाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात.

खरी पंचाईत चक्रीवादळात होते, कारण ते वारा आणि पाणी दोन्ही आणते. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ने मिसिसिपीच्या किनाऱ्यावर अनेक घरांचा फक्त काँक्रीटचा पाया शिल्लक ठेवला. घर वाऱ्याने गेले की समुद्राच्या उधाणाने, हे सांगायला अवशेषच उरले नव्हते. एरवी खुणा बोलक्या असतात. वाऱ्याचे नुकसान छपरापासून सुरू होऊन खाली येते, पाण्याचे जोत्यापासून वर चढते आणि भिंतीवर चिखलाची रेघ सोडते. उघड्या पायावर मात्र वाऱ्याचा वेग केव्हा वाढला, उधाण केव्हा पोहोचले आणि शेजारच्या उभ्या घरांची छपरे कशी आहेत, यावरूनच अंदाज बांधावा लागतो.

समजा, अशा घराचा विमा २ लाख डॉलरचा आहे, चक्रीवादळासाठी विमारकमेच्या २ टक्के नुकसान मालकाने सोसायचे आहे, आणि पाणी येण्यापूर्वी वाऱ्याने ४० हजारांचे छप्पर उडवले. मग मालकाला ३६ हजार मिळायला हवेत. पाण्याने नेलेले उरलेले १ लाख ६० हजार पुराचा वेगळा विमा असेल तरच परत येतील. पण अनेक करारांत असे कलम होते की वगळलेल्या कारणाने नुकसानीला हातभार लावला, तर दुसरे कारण कोणतेही असो आणि कोणत्याही क्रमाने आलेले असो, भरपाई नाही. कंपन्यांनी याच कलमाचा आधार घेतला. २००९ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. वाऱ्याचे नुकसान आधी आणि वेगळे झाले असेल, तर मागून आलेले पाणी तो हक्क पुसू शकत नाही, असा निर्णय दिला. निकालात पुराव्याची वाटणीही स्पष्ट झाली. बांधकामासाठी मालकाने नुकसान दाखवायचे आणि ते पुराने झाले हे कंपनीने सिद्ध करायचे. सामानासाठी मात्र ते वाऱ्यानेच गेले हे मालकाने सिद्ध करायचे. सर्वजोखीम विम्याचा खरा फायदा इथे आहे.

भारतात चित्र जवळजवळ उलटे आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेली ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी नामनिर्दिष्ट जोखमींची आहे, पण तिच्या यादीत भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर आणि दरड कोसळणे हे सगळे मूळ हप्त्यातच येते. त्याआधीच्या अग्निविमा पॉलिसीत भूकंपासाठी जादा हप्ता भरावा लागे. ‘भारत गृह रक्षा’मुळे चक्रीवादळानंतर वारा की पाणी हा वाद बहुतेक उद्भवतच नाही, कारण दोन्ही आत आहेत. ओल झिरपून हळूहळू खराब झालेली भिंत किंवा नव्या बांधकामाला बसलेले नेहमीचे तडे मात्र तिच्यात बसत नाहीत. कोकणातल्या घरमालकांनी आणखी एक कलम वाचावे: खचणाऱ्या जमिनीच्या संरक्षणातून समुद्र आणि नदीकाठाची धूप स्पष्टपणे वगळलेली आहे.