हातचा पोचायला किती वेळ लागतो?

कागदावर बेरीज करताना आपण एककापासून सुरुवात करतो, हातचा डावीकडे नेतो आणि मगच दशकाकडे वळतो. चिपमधली सर्वांत साधी बेरीज-जोडणी, रिपल कॅरी ॲडर, हेच करते. प्रत्येक बिटाला एक फुल ॲडर असतो आणि त्याला उजवीकडच्या शेजाऱ्याचा हातचा येईपर्यंत थांबावं लागतं. व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेत हे थांबणं अगदी क्षणाक्षणाने पाहता येतं.

त्यासाठी एक सोपं माप धरू. कोणत्याही गेटला उत्तर द्यायला १ एकक वेळ लागतो. (खऱ्या चिपमध्ये एक्सॉर गेट ॲंडपेक्षा सहसा हळू असतं, पण तुलनेपुरतं हे माप चालतं.) प्रत्येक बिटासाठी आधी दोन गोष्टी काढतात. `g`, म्हणजे दोन्ही बिट १ असल्यामुळे इथेच हातचा तयार होतो का. आणि `p`, म्हणजे दोघांपैकी एकच बिट १ असल्यामुळे मागून आलेला हातचा पुढे जाईल का. दोन्ही पहिल्याच एककात मिळतात, कारण त्यांना कुणाची वाट पाहायची नसते. पुढचा हातचा मात्र असा निघतो:

```verilog
assign #2 c1 = g0 | (p0 & c0);
assign #2 c2 = g1 | (p1 & c1);
```

`#2` म्हणजे एका ॲंडचा आणि एका ऑरचा मिळून वेळ. `c2` ला `c1` हवा, `c3` ला `c2` हवा, अशी ही साखळी आहे.

आता चार बिटांच्या ॲडरला मुद्दाम सर्वांत वाईट बेरीज देऊ: `1111` अधिक `0000`, आणि सुरुवातीचा हातचा १. म्हणजे १५ अधिक १. आधी सगळं शून्य होतं आणि शून्याव्या क्षणी हे आकडे दिले, असं समजा. सिम्युलेटरच्या आलेखात दुसऱ्या एककाला बेरजेच्या चार बिटांवर १४ दिसतात. चौथ्याला १२, सहाव्याला ८, आठव्याला ०. शेवटचा हातचा नवव्या एककाला येतो आणि तेव्हा कुठे उत्तर १६ होतं. आठ ते नऊ या एका एककात ॲडर १५ अधिक १ म्हणजे शून्य असं सांगत असतो. घड्याळाचा ठोका तिथे पडला तर पुढचं सर्किट हेच शून्य घेऊन कामाला लागेल. म्हणून ठोक्यांमधलं अंतर नेहमी सर्वांत वाईट बेरजेवरून ठरवावं लागतं, सरासरीवरून नाही.

लुकअहेड ॲडर ही साखळी तोडतो. `c2` च्या सूत्रात `c1` लिहायचाच नाही. त्याच्या जागी `c1` चं पूर्ण सूत्र घालून गुणाकार सोडवायचा:

```verilog
assign #2 c2 = g1 | (p1 & g0) | (p1 & p0 & c0);
```

उजवीकडे आता फक्त पहिल्या एककातच तयार असलेल्या गोष्टी उरल्या. `c3`, `c4` ही असेच लिहिले की सगळे हातचे एकदम, तिसऱ्या एककाला हजर होतात आणि पूर्ण बेरीज चौथ्याला. नऊऐवजी चार.

शिकणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. मॉड्यूलला नाव लुकअहेडचं, `p` आणि `g` व्यवस्थित काढलेले, पण `c2` च्या ओळीत `c1` तसाच. उत्तरं सगळी बरोबर येतात, म्हणून शंकाही येत नाही. हा रिपलच आहे. विलंब न घालता सिम्युलेशन चालवलं तर दोन्ही ॲडर शून्य वेळात उत्तर देतात आणि फरक दिसतच नाही. विलंब घालून पाहा: हातचे ३, ५, ७, ९ असे आले तर साखळी शाबूत आहे.

मग ६४ बिटांची सूत्रं अशीच का सोडवू नयेत? कारण सूत्र फुगतं. `c4` लाच पाच इनपुटांचं ॲंड आणि पाच इनपुटांचं ऑर लागतं, आणि इनपुट वाढले की खरं गेट हळू होतं. तिथे आपलं एका एककाचं माप खोटं पडतं. म्हणून चार-चार बिटांचे गट करतात आणि गटांच्या `p`, `g` वर पुन्हा तीच युक्ती लावतात. अशा दोन पातळ्यांत १६ बिटांची बेरीज ८ एककांत होते, तर रिपलला शेवटच्या हातच्यापर्यंत ३३ लागतात. ६४ बिटांना तीन पातळ्या पुरतात: १२ विरुद्ध १२९. किंमत मोजावी लागते ती जास्तीच्या गेटांत आणि तारांत.

`#2` सारखे विलंब सिंथेसिस टूल दुर्लक्षित करतं. प्रत्यक्ष वेग टायमिंग रिपोर्टमध्येच कळतो. एफपीजीएवर तर निकाल उलटाही लागू शकतो. तिथे शेजारच्या बिटांमध्ये हातचा नेण्यासाठी खास वेगवान मार्ग आधीच कोरलेला असतो, आणि साधं `a + b` लिहिलं की टूल सहसा तोच वापरतं. हाताने सोडवलेलं लुकअहेड मात्र साध्या लॉजिकमध्ये आणि लांबच्या तारांमध्ये विखुरतं, आणि बऱ्याचदा मागे पडतं.