खजुरावरचे चॉकलेट पांढरे का पडले?

गेल्या दिवाळीत खजुरात बदाम भरून चॉकलेटमध्ये बुडवले. नेहमीच्या कंपाउंडऐवजी हौसेने महागडे कुव्हर्चर आणले, वितळवले, खजूर बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहते तर वर राखाडी डाग आणि बोट लावताच चॉकलेट हाताला! दुकानदाराला दोन शब्द सुनावायच्या बेतात होते, पण चूक माझीच होती.

रवाळ तूप आपल्याला ठाऊक आहे. तेच तूप सावकाश थंड केले तर दाणा पडतो, झटकन थंड केले तर पडत नाही. कुव्हर्चरमधली कोको बटर ही चरबी याहून लहरी. ती सहा प्रकारे गोठू शकते. त्यांतला पाचवा प्रकारच आपल्याला हवा असतो: चकचकीत, कटकन तुटणारा आणि ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडात गेल्यावर वितळणारा. नुसते वितळवून ठेवले, तर कच्चे प्रकारही जमतात. ते मऊ असतात आणि पुढे रूप बदलताना चरबी पृष्ठभागावर येते. माझ्या खजुरांवरचे डाग ते हेच, बुरशी नव्हे.

हवा तोच दाणा पाडून घेणे म्हणजे टेम्परिंग. घरी सोपी रीत विरजणाची. ४०० ग्रॅम डार्क कुव्हर्चरपैकी ३०० ग्रॅम ४५ अंशांपर्यंत वितळवायचे, म्हणजे जुना दाणा पुसला जातो. मग आचेवरून उतरवून उरलेले १०० ग्रॅम बारीक चिरून थोडेथोडे घालायचे आणि ३१-३२ अंशांपर्यंत ढवळत राहायचे. त्या चिरलेल्या तुकड्यांत नीट गोठलेला दाणा असतो, तोच बाकीच्याला वळण लावतो. सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाच-सात मिनिटांत डाग न पडता घट्ट झाले, तर जमले. मिल्क चॉकलेटला दोनेक अंश कमी लागतात. पाण्याचा थेंब मात्र पडू देऊ नका, सगळ्याचा गोळा होतो.

कंपाउंडला ही कसरत नाही, कारण त्यात कोको बटरऐवजी बहुधा पामच्या बियांच्या गराचे तेल असते. ते प्रक्रिया करून घट्ट केलेले असते आणि आपोआप एकाच ठरावीक दाण्यात गोठते. वितळवा, बुडवा, झाले. चव मात्र थोडी मेणचट, जिभेवर रेंगाळणारी. पाकिटावर घटकांत ‘कोको बटर’ आहे की ‘हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी’, एवढे वाचले तरी फरक कळतो.

चव वाढावी म्हणून कंपाउंडमध्ये कुव्हर्चर मिसळण्याचा मोह होतो. तो टाळा. दोन्ही चरबींचे एकमेकींशी पटत नाही, मिश्रण मऊ पडते आणि डागही लवकर येतात.

ब्राउनी किंवा गनाशसाठी मात्र बिनधास्त कुव्हर्चर वापरा, टेम्पर न करता. तिथे दाणा तसाही टिकत नाही आणि चव मात्र पुरेपूर उतरते.